फोटोतला चौथा ट्रक

कर्णिक सरांचं ऑफिस पनवेलच्या एसटी स्टँडमागे, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. चारुदत्त कर्णिक, विमा सर्व्हेयर, अशी पाटी जिन्याच्या तोंडाशी होती. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या, नुकसान किती, कसं आणि कुठे झालं ते लिहायचं आणि अहवाल मुंबईला विमा कंपनीकडे पाठवायचा, असं काम. मी वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. शाळेत नोकरी मिळेना म्हणून टायपिंगसाठी इथे लागले आणि दोन वर्षांत गॅरेजमधली मोजमापंही करायला लागले. सर मला मिताली क्वचितच म्हणत. काही विचारायचं असलं की खुर्चीवरूनच म्हणत, “आमचं वनस्पतीशास्त्र काय म्हणतं?”

गॅरेजमध्ये थांबून थांबून मला ट्रकांचा नाद लागला होता. तेव्हा बहुतेक ट्रक कारखान्यातून नुसत्या सांगाड्यावर बाहेर पडत. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरला बसायला एक खोकं. केबिन आणि हौदा गिऱ्हाईक आपल्या भागातल्या सुताराकडून नि लोहाराकडून बांधून घेई. त्यामुळे इंजिन एकच असलं तरी तोंडावळा गावोगाव वेगळा. मी त्याची एक वही केली होती. कॉलेजात फुलं ओळखायला जशी प्रश्नांची किल्ली वापरायचो तशी. नाक पुढे आलेली टाटा की सपाट तोंडाची लेलँड? केबिन लाकडी की पत्र्याची? कपाळावर नावाची रुंद पाटी आहे का? बंपरवर सुळेवाला राक्षसाचा मुखवटा आहे का? असला तर बहुधा दक्षिणेकडची. आरशाला काळे गोंडे आणि उंच कोरीव हौदा असला तर पंजाब नाहीतर राजस्थान. प्रत्येक पानावर मी पेन्सिलीने चित्र काढलं होतं. सरांनी ती वही एकदा चाळली आणि काही न बोलता परत दिली. ते त्यांचं कौतुक होतं.

डिसेंबर १९९३ मध्ये काशिरामची फाइल आली.

काशिराम उरणकडचा, घर मासेमारीचं. बंदर झालं तेव्हा होडी सोडून ट्रकवर गेलेला. कळंबोलीच्या एका मालकाकडे सहा वर्षं होता. त्याचं म्हणणं साधं होतं. महाडच्या कारखान्यासाठी पिंपं भरून तो गोवा हायवेने चालला होता. कर्नाळा ओलांडून आपटा फाट्याच्या अलीकडे समोरून एसटी ओव्हरटेक करत अंगावर आली. त्याने गाडी डावीकडे घातली ती भरावावरून खाली घसरली आणि केबिन झाडावर बसली. त्याच्या खांद्याला मार लागला, बाकी कुणाला काही नाही. दोन्हीकडे गाड्या तुंबल्या, म्हणून क्रेन बोलावून त्याने ट्रक वर काढला आणि ओढत कळंबोलीला आणला. पोलिसांत नोंद नाही, पंचनामा नाही. जागेवर गाडी आम्ही पाहिलीच नाही.

विमा कंपनीला नेमकं तेच खटकलं. त्या ट्रकचं परमिट फक्त महाराष्ट्राचं होतं. अपघात राज्याबाहेर झाला असेल तर विम्याचा दावा रद्द. याच मालकाची दुसरी एक गाडी आदल्या वर्षी परमिट नसताना कारवारजवळ पकडली गेली होती. कंपनीने लिहिलं, अपघाताच्या जागेची खात्री करा. मालकानेही हात झटकले. मी गाडी महाडलाच पाठवली होती, पुढे नेली असेल तर ती ड्रायव्हरने माझ्या नकळत नेली, तसं ठरलं तर त्याला मी गाडीला हात लावू देणार नाही आणि कळंबोलीत दुसराही कुणी लावू देणार नाही, असं तो सरांना फोनवर म्हणाला.

क्रेनवाला पैसे घेऊन पावती न देता गेलेला, त्यामुळे जागेचा पुरावा म्हणून एकच गोष्ट होती. लग्नाचं काम आटपून परतणारा एक फोटोवाला त्या कोंडीत अडकला होता आणि उरलेल्या रोलवर त्याने एक फोटो काढला होता. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. कुठे काढला ते त्याला सांगता येईना. पहाटेपासून प्रवासात होता, कोकणातून येत होता, गाडीत झोप लागली होती, म्हणाला. काशिरामने त्याच्याकडून तो मिळवला आणि आमच्याकडे आणून दिला. त्याला वाटलं, फोटो आहे म्हणजे झालं.

फोटोत डावीकडे खाली काशिरामचा ट्रक पाठमोरा कलंडलेला. उजवीकडे समोरून येऊन थांबलेले चार ट्रक. आकाश पांढरंफटक, झाडांचे नुसते ढग. मैलाचा दगड नाही, पाटी नाही. नंबरप्लेटा धुळीने भरलेल्या आणि इतक्या लहान की भिंगाखाली फक्त ठिपके दिसत. सरांनी फोटो माझ्याकडे सरकवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

मी वही काढली. पहिला ट्रक सपाट तोंडाचा, लाकडी केबिन, कपाळावर नावाची रुंद पाटी, बंपरवर मुखवटा. दुसरा तसाच. तिसरा नाकवाला, आरशाला गोंडे, म्हणजे उत्तरेचा, पण तो एकटाच. चौथा कडेला अर्धा कापला गेलेला. त्याच्या केबिनचा एक कोपराच दिसत होता आणि वर एक फुगीर, मऊ कडांचा बोजा, दोरांनी आवळलेला, हौद्याच्या दोन्ही अंगांना ओघळलेला. दक्षिणेकडून नारळाचा काथ्या असाच भरून येतो. मी लिहिलं: काथ्या, बहुधा केरळ किंवा कर्नाटकची किनारपट्टी. चारांपैकी तीन दक्षिणेचे. काशिराम सांगतो त्या जागेपेक्षा हा फोटो बराच दक्षिणेकडचा, राज्याच्या हद्दीपलीकडचा असण्याची शक्यता जास्त.

सरांनी विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, शक्यता लिहिली आहे, नक्की नाही. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या आठवड्यात घाटात तीन अपघात झाले होते आणि ते दोन रात्री नीट झोपले नव्हते. माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं अहवालात घेतलं आणि सही केली. कंपनीतल्या कुणीतरी त्यातला “शक्यता” हा शब्द बाजूला ठेवला असणार. आठ दिवसांत दावा नामंजूर होण्याच्या वाटेवर असल्याचं पत्र मालकाला गेलं आणि त्याच दिवशी त्याने काशिरामच्या हातून किल्ली काढून घेतली.

काशिराम ऑफिसात आला तो बाकावर बसला नाही. एक हात गळ्यात बांधलेला. सर साइटवर गेले होते. तो भांडेल असं मला वाटलं होतं, पण तो थकलेला होता. चार ट्रान्सपोर्टवाल्यांकडे जाऊन आला होता. सगळीकडे त्याच्या आधी बातमी पोचली होती की हा परमिट मोडून गाडी बाहेर नेतो.

“ताई, त्या फोटूत तुमाला कारवार कुटं दिसला?” त्याने विचारलं.

मी त्याला मुखवटा दाखवला, कपाळाची पाटी दाखवली, काथ्या दाखवला. त्याने फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला.

“ह्या गाड्या तर रोज जातात आमच्या दारावरनं,” तो म्हणाला आणि फोटो टेबलावर ठेवून जिना उतरून गेला.

हे वाक्य मला दोन दिवस सोडेना. रविवारी सकाळी मी पळस्पे फाट्यावर गेले. तिथे पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता फुटतो. चहाच्या टपरीशेजारी वही घेऊन उभी राहिले आणि गोव्याकडून येणारे ट्रक मोजायला लागले. शंभर पुरे करायला दुपार झाली. टपरीवाल्याने एकदा विचारलं की आरटीओकडून आलात का. एका क्लीनरने खिडकीतून, आमचा पण नंबर लिहा, म्हणून ओरडून घेतलं. उन्हाने डोकं दुखायला लागलं होतं. शंभरांत एकतीस ट्रक सपाट तोंडाचे, रुंद पाटीचे, बहुतेकांना मुखवटा. दोनदा तर तसे तीन-तीन एकामागून एक आले. लांबच्या गाड्या रात्री एका ढाब्यावर थांबतात, सकाळी एकत्र सुटतात, हे टपरीवाल्याने मला न विचारता सांगितलं.

परतताना बसमध्ये मी कपाळ खिडकीला टेकवून बसले. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना तिथले सर आम्हाला एका बंगल्याच्या बागेत घेऊन गेले होते आणि विचारलं होतं, झाडं बघून सांगा ही बाग कुठल्या प्रदेशात आहे. आम्ही सगळ्यांनी गुलमोहर, बोगनवेल, पाम लिहिलं आणि सगळे चुकलो. लावलेली झाडं कुठूनही आणलेली असतात, ते म्हणाले होते, कुंपणातलं तण बघा. केबिन सांगते गाडी कुठे बांधली. ती आज कुठे उभी आहे ते केबिनला माहीत नसतं. हे मला बी.एस्सी.ला कळलं होतं आणि हायवेवर कळलं नव्हतं.

तरीही त्या मोजणीने एवढंच सिद्ध होत होतं की मला काही माहीत नाही. फोटो आपटा फाट्याचा असू शकतो, आणि कारवारचाही. उरला काथ्या. तो जड माल नाही, पण लांब जातो. त्यावरून काही ठरेना.

सोमवारी मला कळंबोलीला जायचंच होतं. काशिरामचा ट्रक गॅरेजात खोलून ठेवला होता आणि सुट्या भागांची यादी करायची होती. मोडकी केबिन जमिनीवर पडली होती. शेजारच्या गाडीच्या कपाळावर दिनानाथ पेंटर रंग देत होता. हा म्हातारा पूर्वी करंजाच्या धक्क्यावर होड्या रंगवायचा. तिकडची मंडळी जमिनीच्या भरपाईतून ट्रक घ्यायला लागली तेव्हा तोही त्यांच्यामागोमाग इकडे आला. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला फोटो दाखवला. खरं सांगायचं तर मला अजूनही माझी वही बरोबर ठरायला हवी होती. पहिले दोन बघून तो म्हणाला, मंगळूर नायतर केरळ. तिसरा बघून म्हणाला, मारवाडाकडचा. माझ्या वहीशी सगळं जुळत होतं. चौथ्यावर त्याने हातातली भाकर खाली ठेवली.

“ह्यो माजा हाय.”

मी विचारलं, तुमचा म्हणजे?

त्याने रंगाने माखलेलं बोट केबिनच्या त्या कोपऱ्यावर नेलं. काचेच्या वर, कपाळाच्या कडेला, दोन पट्टे होते. वरचा जाड, खालचा बारीक, आणि टोकाला ते एकत्र येऊन वर वळलेले. मला ते पत्र्याची घडी वाटले होते.

“होडीच्या नाळंला, पुडल्या टोकाला, असंच काढतात. वर पांढरा, खाली लाल. ट्रकाला कोन काढतो? मीच. लोक हसतात, म्हनतात दिन्या, गाडी पान्यात घालतोस का.” त्याने फोटो तिरका धरला. “आन पेंढा भरलाय म्हंजे भगवान. उलव्याचा.”

“पेंढा नाही, काथ्या आहे,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. “ताई, तुमी काय शिकलाव?”

मी पिशवीतून भिंग काढलं आणि उन्हात जाऊन फोटो पाहिला. काथ्याचा गुंता असतो, त्याला दिशा नसते. इथे बोज्याच्या खालच्या कडेने बारीक सरळ रेघा लोंबत होत्या, एकाच दिशेने, विंचरल्यासारख्या. भाताच्या काड्या. हौद्याच्या कोपऱ्यातून एक उभा बांबू वर आला होता. सैल पेंढा सांडू नये म्हणून आपल्याकडे चारी कोपऱ्यांना बांबू लावून हौदा उंच करतात. लहानपणापासून पाहिलेला पेंढा. दोन दक्षिणी गाड्यांच्या मागे उभा होता म्हणून मी त्याला काथ्या केलं होतं. वनस्पतीशास्त्राची पदवी घेऊन मी भाताचं गवत ओळखलं नव्हतं.

हलक्या पेंढ्याला कुणी लांबचं भाडं देत नाही. तो भात कापल्यावर जवळच्या गावातून उचलतात आणि जवळच विकतात. लावलेल्या बागेतलं तण तेच होतं.

दिनानाथने उलव्यातलं घर सांगितलं. संध्याकाळी पाचच्या बसने मी गेले. भगवान खाटेवर पडून होता. सकाळपासून दोन खेपा झाल्या होत्या. त्याची बायको मालू दारात ट्रकच्या ताडपत्रीला ठिगळ लावत होती. दारासमोर ट्रक उभा, कपाळावर पांढरा आणि लाल पट्टा. जमीन सिडकोत गेल्यावर त्याने तो जुना घेतला होता. दर हिवाळ्यात आपट्याच्या आसपासचा पेंढा उचलून मुंबईच्या तबेल्यांना घालतो, म्हणाला. फोटो बघून तो उठून बसला. त्या दिवशीची कोंडी त्याला चांगलीच लक्षात होती. आपट्याहून भरून हायवेला लागून जेमतेम मैलभर आला आणि अडकला. दोन तास. तबेलेवाल्याने उशीर झाला म्हणून गाडी आत घेतली नाही आणि त्याला रात्र रस्त्यावर काढावी लागली.

“याच्यापायी जेवला नाय तो दोन दिस, रागानं,” मालू सुई दातात धरून म्हणाली.

क्रेनवाल्याला दोर आपणच दिला होता, तो परत मिळाला नाही, हेही भगवानने सांगितलं. कलंडलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खांदा धरून दगडावर बसला होता, त्याला यानेच पाणी दिलं होतं. मी त्याचं म्हणणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि सही घेतली. सही करायला त्याला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे मी पळस्प्याची मोजणी, भिंगातून काढलेलं काड्यांचं चित्र आणि भगवानचा जबाब ठेवला. चूक माझी आहे हे आधी सांगितलं. सरांनी सगळं दोनदा वाचलं. मग आपला जुना अहवाल फाइलमधून काढून पुढ्यात ठेवला. स्वतःच्या सहीचा अहवाल स्वतःच खोडून काढणं म्हणजे कंपनीच्या यादीवरून नाव जाण्याची तयारी ठेवणं, हे मला माहीत होतं. त्यांच्या दोन मुली कॉलेजात होत्या.

“सही मी केली होती,” ते अखेर म्हणाले. “कागद घाल मशीनला.”

पुरवणी अहवालात त्यांनी माझं नाव कुठेही येऊ दिलं नाही. पूर्वीचं निरीक्षण अपुऱ्या तपासणीवर आधारलेलं होतं, एवढंच. कंपनीचा एक अधिकारी भगवानला येऊन भेटला, आपटा फाट्यापर्यंत जाऊन झाडावरची धडकेची खूण बघून आला. जानेवारीच्या शेवटी दावा मंजूर झाला. त्यानंतर कंपनीकडून आमच्याकडे महिनाभर नवीन फाइल आली नाही. सरांनी जुनी रजिस्टरं लावून घ्यायला सांगितली.

मालकाने दुरुस्त झालेला ट्रक दुसऱ्या ड्रायव्हरला देऊन टाकला होता. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, झालं ते झालं, आता हा चांगलं चालवतोय, याला कशाला काढू.

फेब्रुवारीत काशिराम आला. हात मोकळा झाला होता, पण पूर्ण वर जात नव्हता. या वेळी बाकावर बसला. मी त्याला सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. मी माफीही मागितली. दावा पास झाल्याचं त्याला गॅरेजमध्ये कळलं होतं. पण गाडी कुणी देत नव्हतं. दावा पास झाला ते ट्रान्सपोर्टवाल्यांना कोण सांगणार? त्यांच्या कानावर फक्त पहिली गोष्ट गेली होती. जेएनपीटीजवळच्या एका गोदामवाल्याला ड्रायव्हर हवा होता, तिथे उद्या सकाळी जायचं होतं.

“तो फोटू द्या मला,” तो म्हणाला. “लोक कागद वाचत नाय. फोटू बगतात.”

फाइलमध्ये एक जादा प्रत होती. सरांनी आतून, दे, म्हटलं. काशिरामने ती हातात घेतली नाही, टेबलावरच राहू दिली.

“यातली आपल्या इकडली कंची, तिच्यावर गोल करून द्या.”

पेन्सिल त्या चकचकीत कागदावर उमटेना. मी शाईचं पेन घेतलं आणि चौथ्या ट्रकभोवती गोल काढला. बाजूच्या पांढऱ्या कडेवर लिहिलं: भाताचा पेंढा, आपटा, गाडी उलव्याची. शिक्का मारून सरांची सही आणली. काशिराम वाकून बघत होता. मग त्याने पुढच्या दोन गाड्यांवर बोट ठेवलं, मुखवट्यांवर.

“यांच्यावर पन लिवा. लांबच्या, जाताजाता अडकलेल्या म्हनून. मानूस आधी यांनाच बगतो.”

मी लिहिलं. तिसऱ्यावरही लिहिलं. शाई वाळेपर्यंत तो फोटोवर फुंकर घालत बसला, मग त्याने तो खिशातल्या लायसन्सच्या प्लास्टिकमध्ये, घडी पडणार नाही असा, सरकवून ठेवला आणि शेवटची बस किती वाजता आहे ते विचारलं.